चष्मा सतत लावला तर नंबर वाढतो का?

चष्मा हातात दिला की दहापैकी आठ जण विचारतात, "हा सारखा लावायचा का? मग सवय लागेल ना?" सवय लागते, पण ती डोळ्यांना नव्हे, स्पष्ट दिसण्याची मेंदूला लागते. महिनाभर चष्मा वापरून तो काढला की आधी चालवून घेतलेलं धूसर दिसणं खटकू लागतं आणि वाटतं, चष्म्यानेच डोळे बिघडवले. डोळा असतो तसाच असतो, फरक कळू लागलेला असतो.

जवळच्या नंबराचं, म्हणजे चाळिशीचं, उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच येतात. पुस्तक 40 सेंटिमीटरवर धरलं की ते नीट दिसायला अडीच नंबराची ताकद लागते. ही ताकद डोळ्यातलं भिंग फुगून पुरवतं. वय वाढतं तसं ते भिंग ताठर होत जातं, आणि शिल्लक ताकदीपैकी साधारण निम्मीच आपण दमल्याशिवाय सलग वापरू शकतो. समजा, एखाद्या गृहस्थांची 3 ताकद उरली आहे. त्यातली दीड आरामात वापरता येते, एक कमी पडते, म्हणून +1.00 चा चष्मा. काही वर्षांनी उरते 2, आरामात वापरता येते 1, आणि नंबर होतो +1.50. आता ते म्हणतात, "बघा, चष्मा लावला आणि नंबर वाढला." भिंग मात्र चष्म्याविनाही तेवढंच ताठर झालं असतं. चष्मा टाळणाऱ्यांचंही तेच होतं, फक्त मधली वर्षं पुस्तक लांब धरण्यात आणि कपाळ दुखण्यात जातात.

मुलांचा लांबचा नंबर

मायनस नंबर वाढतो तो मुख्यतः डोळ्याचा गोळा मागच्या बाजूने लांबत गेल्यामुळे. गोळा 1 मिलिमीटर लांबला की नंबर अडीच ते तीनने वाढतो. मूल वाढतं त्या वयात हे घडतं, म्हणून दरवर्षी काच बदलावी लागते आणि दोष काचेवर येतो. "थोडा कमी नंबर द्या, डोळ्याला व्यायाम होईल" असं पालक आम्हाला सांगतात. मलेशियात 94 मुलांवर हे करून पाहिलं होतं (2002 मध्ये प्रसिद्ध झालं): काहींना पुरा नंबर, काहींना मुद्दाम कमी. दोन वर्षांनी कमी नंबरवाल्यांचाच नंबर थोडा जास्त वाढला होता. त्यामुळे ही विनंती आम्ही मान्य करत नाही.

लहान मुलांचा तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा मोठा नंबर असेल तर चष्मा सतत लावणं हाच उपचार असतो. सात-आठ वर्षांपर्यंत धूसर डोळ्याकडे मेंदूने दुर्लक्ष केलं, तर नंतर काच देऊनही तो डोळा नीट बघायला शिकत नाही. याउलट, मोठ्या माणसाचा नंबर -0.75 असेल आणि ते घरात चष्मा काढून वावरत असतील, तर काही बिघडत नाही. गाडी चालवताना मात्र लावा.

अंधूक उजेडात वाचलं तर?

मोठ्यांचे डोळे त्याने खराब होत नाहीत. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, त्यामुळे नंबरातली लहानशी चूकसुद्धा जाणवू लागते. आपण पान जवळ ओढतो, पापण्या मिटणं कमी होतं, डोळे कोरडे पडतात, डोकं जड होतं. रात्री झोपलात की बहुतेक वेळा हे उतरतं. मुलांना मात्र आम्ही टोकतो, कारण अंधारात ती पुस्तक नाकाला लावतात. तासन्‌तास इतक्या जवळून पाहणं आणि दिवसाचा उजेड कमी मिळणं, या दोन्हींचा संबंध मायनस नंबराशी आढळला आहे. रोज दोन तास बाहेर मोकळ्या उजेडात जावेत, असं आम्ही सुचवतो.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळसर होतं. म्हणून आजोबांना "उजेड कमी आहे" वाटतं तेव्हा ते हट्ट करत नसतात. बल्ब बदलण्याआधी दिवा सरकवून बघा: 2 मीटरवरचा दिवा 1 मीटरवर आणला की पानावर चौपट उजेड पडतो. दिवा डोळ्यांसमोर नको, खांद्यामागून पानावर येऊ द्या.

काही वेळा मात्र काच किंवा दिवा बदलून भागत नाही. नंबर दोन-तीन महिन्यांत खालीवर होऊ लागला तर आधी रक्तातली साखर तपासून घ्या. साखर चढ-उतरली की भिंगात पाणी कमीजास्त होतं, आणि अशा दिवसांत बनवलेला चष्मा पुढे उपयोगी पडत नाही. चाळिशी लावणाऱ्याला अचानक चष्म्याविना बारीक अक्षर दिसू लागलं, तर तो डोळे सुधारल्याचा पुरावा समजू नका. बऱ्याचदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते, आणि अशा वेळी आम्ही नवीन फ्रेम दाखवत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो.