परदेशी शुल्कासाठी राखीव रक्कम किती ठेवावी?

समजा, पुण्यातील एका कुटुंबाला सहा महिन्यांनी मुलीच्या परदेशी विद्यापीठाचे 20,000 डॉलर शुल्क भरायचे आहे आणि आज डॉलर 85 रुपयांना आहे. आजच्या दराने खर्च 17 लाख रुपये होतो. पण तोवर डॉलर महागला, तर वरची किती रक्कम हाताशी असावी?

त्यासाठी रोजचा दर पुरेसा नाही, रोजचा टक्केवारीतील बदल हवा. डॉलर 85.00 वरून 85.26 वर गेला, तर त्या दिवसाचा बदल साधारण 0.31 टक्के. वर्षभराचे असे सुमारे 250 बदल घेऊन, त्यांच्या सरासरीपासून प्रत्येक बदल किती दूर आहे त्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घ्यावे. हेच प्रमाण विचलन. थेट दरांचे प्रमाण विचलन काढण्याची चूक सर्रास होते, पण वर्षभर संथपणे चढत गेलेला दर त्यात विनाकारण अस्थिर दिसतो.

आपल्या उदाहरणात हे विचलन 0.3 टक्के धरू. सहा महिन्यांत व्यवहाराचे सुमारे 125 दिवस येतात, मात्र 0.3 ला 125 ने गुणायचे नाही. एका दिवसाचा चढ दुसऱ्या दिवसाच्या उताराने काही अंशी भरून निघतो, म्हणून 125 च्या वर्गमुळाने, म्हणजे 11.2 ने गुणायचे. उत्तर येते सुमारे 3.35 टक्के. वीसपैकी एकोणीस वेळा पुरेल अशी रक्कम हवी असेल, तर त्याची 1.65 पट, म्हणजे 17 लाखांच्या सुमारे 5.53 टक्के, जवळपास 94,000 रुपये. (रुपया हळूहळू घसरत राहण्याचा कल यात धरलेला नाही, त्यासाठी आजच्या दराऐवजी बँकेचा सहा महिन्यांचा वायदा दर, म्हणजे सहा महिन्यांनंतरच्या व्यवहारासाठी बँक आजच ठरवून देते तो दर, पाया म्हणून घेणे अधिक योग्य.)

कुटुंबाला 40,000 रुपयेच बाजूला ठेवता येत असतील, तर 40 भागिले 94 या प्रमाणात सुमारे 8,500 डॉलर उघडे ठेवावेत, म्हणजे त्यांचा दर आज ठरवू नये, आणि उरलेल्या 11,500 डॉलरचा दर बँकेशी वायदा करार करून आजच ठरवून घ्यावा.

या गणिताची खरी मर्यादा स्वित्झर्लंडमध्ये दिसली. तेथील मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर 2011 पासून युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता, त्यामुळे 2014 च्या अखेरीस मोजलेले प्रमाण विचलन अगदी नगण्य होते. 15 जानेवारी 2015 रोजी बँकेने ती मर्यादा अचानक उठवली आणि युरो काही काळ 1 फ्रँकच्याही खाली घसरला. शांतता बाजाराची नव्हती, बँकेने राखलेली होती, आणि आकड्यांत हा फरक दिसत नाही.

म्हणून गेल्या 20 दिवसांचे आणि गेल्या 250 दिवसांचे विचलन वेगवेगळे काढून त्यांतील मोठे वापरावे. शिवाय वर्षभरात विचलनाच्या तिप्पट ओलांडणारे दिवस मोजावेत: 1.65 ही पट ज्या घंटाकृती वक्रावरून येते, त्यानुसार असा जेमतेम एखादा दिवस यायला हवा, चार-पाच आढळले तर 1.65 ची पट अपुरी पडेल असे समजून राखीव रक्कम वाढवावी.