काउन्सेलरकडे गेलं तर रेकॉर्डवर येतं का? कॉलेजात जागा जाते का?

दर सेमिस्टरला कोणीतरी हळूच विचारतं, ताई तिथे नाव लागलं की मार्कशीटवर येतं का, जागा जाते का. तर नाही. मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, यातल्या कशातच काउन्सेलिंगचा रकाना नसतो. जागा अडकते ती फी, हजेरी आणि निकालावर. पण हजेरीच्या वाटेने काउन्सेलिंगची गोष्ट ऑफिसपर्यंत पोचू शकते, आणि गोंधळ तिथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पात्रता म्हणजे तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी असलं की झालं, कोणाची शिफारस लागत नाही. कागद म्हणजे आयकार्ड, आणि तिथेच भरायचा एक फॉर्म, त्यात नाव, फोन नंबर आणि अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं त्याचं नाव. हे शेवटचं नाव विचार करून लिहा, गरज पडली तर फोन त्यालाच जाणार. फॉर्मखाली संमतीची सही असते, ती करण्याआधी विचारा की माझी फाइल कोण ठेवतं, प्राचार्यांना नावं जातात की फक्त आकडा, आणि घरी कधी कळवता. चांगला काउन्सेलर याची उत्तरं सरळ देतो.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. मेंटर शिक्षक म्हणजे काउन्सेलर नव्हे. मेंटरच्या डायरीत लिहिलेलं कॉलेजच्या नॅक तपासणीच्या फाइलीत जाऊ शकतं, त्यामुळे मेंटरला "घरी अडचण आहे" एवढंच सांगितलं तरी पुरे, बाकीचं काउन्सेलरच्या खोलीत.

गुपित कधी मोडतं? जिवाला धोका दिसला, तुमच्या किंवा दुसऱ्याच्या, तर गरजेपुरतं सांगितलं जातं. कोर्टाने मागितलं तर द्यावं लागतं. आणि १८ पूर्ण नसतील (अकरावी-बारावीचे बहुतेक जण आणि फर्स्ट इयरचे काही जण यात येतात) आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे काउन्सेलरला ते पोलिसांना कळवावंच लागतं, त्याच्या हातात ते राहत नाही. पुढे डॉक्टरकडे गेलात तर मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चं कलम २३ तुमच्या माहितीला संरक्षण देतं, आणि कलम २५ प्रमाणे तुमचे कागद तुम्हाला बघता येतात.

आता हजेरीचं. पेडण्याची एक मुलगी, सेकंड इयर, हॉस्टेलला राहायची. एका विषयाचे ६० तास झाले, ७५ टक्के म्हणजे ४५ हवेत, तिचे भरले ३९. सहा कमी. ६ ऑगस्टपासून ती काउन्सेलरकडे जायची, पण झोपच उडाली होती म्हणून त्यांनी बांबोळीला आय.पी.एच.बी. या सरकारी मानसोपचार इस्पितळाच्या ओपीडीत जायला सांगितलं, घाबरून तिने दोन आठवडे घालवले आणि गेली २१ तारखेला. सर्टिफिकेट मागितलं तेव्हा डॉक्टरांनी २१ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर एवढंच दिलं, कारण केसपेपर त्या तारखेचा, आधीच्या दिवसांचं ते देऊ शकत नाहीत. तिचे एकूण २१ तास बुडाले होते, त्यातले १३ आधीचे, ८ त्या पंधरवड्यातले. सहाच हवे होते म्हणून निभावलं. ती अजून आठवडाभर थांबली असती तर तास कमी पडले असते, म्हणून ओपीडीत जायला सांगितलं की त्याच आठवड्यात जा.

सर्टिफिकेटवर आजाराचं नाव असायलाच हवं असं नाही, "उपचार चालू होते, विश्रांती सांगितली" आणि तारखा पुरतात, तसं डॉक्टरांना आधी सांगा. पण लेटरहेडवरून कुठल्या इस्पितळातलं आहे ते वाचणाऱ्याला कळतंच, हे लपत नाही. म्हणून तिने तो कागद वर्गशिक्षकांच्या टेबलावर न ठेवता बंद पाकिटात प्राचार्यांच्या नावे दिला, वर फक्त "हजेरीत सवलतीसाठी अर्ज", आणि स्वतःच्या प्रतीवर ऑफिसचा इनवर्ड नंबर आणि तारखेचा शिक्का घेतला. शिक्का नसला तर नंतर "अर्ज मिळालाच नाही" ऐकावं लागतं. सवलत द्यायची की नाही ते प्राचार्य आणि तुमच्या विद्यापीठाच्या ऑर्डिनन्सवर, त्यामुळे सवलतीची मर्यादा किती ते ऑफिसात आधीच विचारून ठेवा.

सेशन लेक्चरच्या वेळेत असेल तर काउन्सेलरने दिलेली चिठ्ठी वर्गात दाखवावी लागते आणि ती चार जण वाचतात. त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीतली किंवा कॉलेज सुटल्यावरची वेळ मागा, बहुतेक मिळते. आणि रात्री दीड-दोनला काही सुचेनासं झालं तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, तो २४ तास चालू असतो आणि तिथे कॉलेजचं नाव सांगायची गरज नाही.