आधी रिव्ह्यू, मग अपील, मग रिव्हिजन?

“निकाल विरोधात गेला तर आधी त्याच कोर्टात रिव्ह्यू टाका. नाही जमलं तर अपील, तेही हुकलं तर हायकोर्टात रिव्हिजन.”

या तीन पायऱ्या नाहीत, तीन वेगळी दारं आहेत. रावेरकडच्या एका केळीच्या शेताच्या बांधाचा दावा धरा. कनिष्ठ स्तर न्यायालयाने १ जूनला तो फेटाळला. न्यायाधीशांनी आपल्या साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही, ही तक्रार असेल तर रस्ता अपिलाचा: जिल्हा न्यायालय, ३० दिवस. पुरावा तिथे पुन्हा तपासला जातो.

रिव्ह्यू त्याच न्यायालयात, मुदत तीही ३० दिवसच. पण मोजणी नकाशा दाखल असताना निकालात “नकाशाच दिलेला नाही” असं लिहिलं गेलं, अशा उघड चुकीसाठी. नुसतं “निकाल पटला नाही” चालत नाही. आणि रिव्ह्यू चालू आहे म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही. माणसं इथेच अडकतात, याचं फार वाईट वाटतं. उशीर माफ व्हायला सबळ कारण द्यावं लागतं.

रिव्हिजन उच्च न्यायालयात, खान्देशासाठी औरंगाबाद खंडपीठात, ९० दिवसांत. पण अपील होऊ शकतं तिथे रिव्हिजन चालत नाही. प्रश्न अधिकारक्षेत्राचा असावा लागतो.

मुदत स्वतः तपासा. निकालाच्या नकलेसाठी अर्ज ५ जूनला, नक्कल तयार १७ जूनला, या तारखा नकलेवरच असतात. ते १३ दिवस वगळले जातात, म्हणून अपिलाचा शेवटचा दिवस १ जुलैऐवजी १४ जुलै.