फेस स्वॅप: मोबाइल ॲप आणि हाताने केलेलं एडिटिंग

फेस स्वॅप म्हणजे एका फोटोतला चेहरा दुसऱ्या फोटोत बसवणं. कोल्हापुरात याची गरज जास्त करून लग्नाच्या ग्रुप फोटोला पडते, स्टेजवर वीस माणसं उभी, सगळे छान हसतायत आणि नेमके आजीचे डोळे मिटलेले.

मोबाइल ॲप चेहरा कापून चिकटवत नाही, तो नव्याने तयार करतं. आधी डोळे, नाक, ओठ कुठं आहेत ते शोधतं, चेहरा सरळ करून लहान चौकोनात घेतं (inswapper_128 नावाच्या बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या एआय मॉडेलमध्ये हा चौकोन फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलचा असतो) आणि मॉडेलने बनवलेला चेहरा परत मोठा करून फोटोत बसवतं. त्यामुळं मोबाइलवर झकास दिसतं, पण १२ बाय १८ इंचाची प्रिंट काढली की आजीच्या सुरकुत्या गायब, गाल गुळगुळीत आणि मान मात्र खरी. नथ असेल तर अजून घोळ, मोती ओठात विरघळल्यासारखे दिसतात. मुख्य म्हणजे ते डोळे आजीचे नसतातच, तिच्यासारखे असतात, आणि घरच्या माणसांना ते लगेच कळतं.

हाताने करायचं तर फोटोग्राफरकडं त्याच ग्रुपच्या बाकीच्या फ्रेम मागायच्या, सहसा तीन-चार काढलेल्या असतातच. डोळे उघडे असलेली फ्रेम वरच्या लेयरवर ठेवायची, ओपॅसिटी ५० टक्के करून नाकाचा शेंडा आणि कान जुळवायचे, मग काळा मास्क लावून तो लेयर पूर्ण झाकायचा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने हवा तेवढाच भाग उघडायचा. मान जरा जरी वळली असेल तर नुसते डोळे घेऊ नयेत, पदरासकट अख्खं डोकं घ्यावं, म्हणजे जोड पदराच्या घडीत लपतो. एका फ्रेमला फ्लॅश कमी पडला असेल तर कर्व्हजने उजेड सारखा करायचा. वेळ जातो खरा, पण नथ, सुरकुत्या सगळं खरं राहतं आणि कुठपर्यंत बदलायचं ते आपल्या हातात असतं.

प्रायव्हसीचं लोक फार हलक्यात घेतात. बरीच ॲप फोटो स्वतःच्या सर्व्हरवर पाठवतात, म्हणजे आजीसाठी ग्रुप फोटो टाकला की बाकीच्या एकोणीस जणांचे, त्यातल्या लहान पोरांचेसुद्धा, चेहरे न विचारता गेले. ॲप डिलीट केलं म्हणून सर्व्हरवरचा फोटो जात नाही. २०१९ मध्ये फेसॲप आणि चीनच्या झाओ या फेस स्वॅप ॲपच्या अटींवरून याच कारणाने मोठा गदारोळ झाला होता. हाताने काम करायच्या गिम्प या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. फोटोपी हे तसलंच सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं तरी काम आपल्याच मशीनवर होतं. स्टुडिओत दिलं तर फोटो तिथं जातोच, पण निदान कुणाकडं आहे ते माहीत असतं आणि काम झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करून घेता येतं.

हाताच्या कामाची अडचण येते ती एकच फ्रेम असल्यावर. दुसऱ्या दिवशीचा फोटो घेतला तर उजेडाची दिशा वेगळी पडते, सावली नाकाच्या उलट बाजूला जाते आणि चेहरा चिकटवलेला दिसतो. तेव्हा ॲप वापरायचंच झालं तर ग्रुपमधून फक्त आजीचा चेहरा क्रॉप करून, फाइलमधली लोकेशनची माहिती पुसून तेवढाच टाकावा आणि तयार झालेला तुकडा परत मूळ फोटोत आपणच बसवावा.