फोटोला उत्तर किती शब्दांचं?

सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप ग्रुपांवर कासचा एक तरी फोटो येतोच. एक उदाहरण घेऊ. सोसायटीच्या चाळीस जणांच्या ग्रुपवर एका काकूंनी पठारावरून फोटो टाकला. निळी-जांभळी फुलं, मागे धुकं, कोपऱ्यात कुणाची तरी छत्री. खाली दोनच शब्द: "आज कासला."

त्याच ग्रुपात निवृत्त जीवशास्त्र शिक्षक आहेत. त्यांनी मनापासून उत्तर लिहिलं: "अप्रतिम फोटो काकू! तुम्हाला फोटोग्राफीची खरंच नजर आहे. ही टोपली कारवी. झुडूप उलट्या टोपलीसारखं दिसतं म्हणून हे नाव, आणि ती सात वर्षांतून एकदाच फुलते. मागच्या बहराला आम्ही गेलो होतो तेव्हा धुक्यात काहीच दिसलं नव्हतं. तुम्ही किती वाजता पोचलात? मोबाईल कुठला? पुढच्या वेळी सगळे मिळून जाऊ या, गाडीचं मी बघतो." दुसऱ्या कुणी लिहिलं: "लय भारी फुललीय की कारवी!"

यात जास्त आपुलकी कुणाची, असं विचारलं तर बहुतेक जण सरांकडे बोट दाखवतील. वेळ काढून लिहिलं म्हणजे माया जास्त, असा आपला साधा हिशेब असतो. लिहिणाऱ्याच्या बाजूने तो बरोबरही आहे. पण उत्तर पडतं वाचणाऱ्याच्या पदरात, आणि तिथे हिशेब उलटतो. तो का उलटतो, हे सांगणारं एक सुंदर शास्त्र आहे.

हार्वी सॅक्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या-प्रतिबंधक केंद्रात येणाऱ्या फोनची ध्वनिमुद्रणं ऐकत असे. माणसं काय बोलतात यापेक्षा एका वाक्यानंतर दुसरं वाक्य कसं येतं, याकडे त्याचं लक्ष गेलं. पुढे इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्याबरोबर त्याने १९७४ साली बोलण्याच्या पाळ्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. या मंडळींचं एक निरीक्षण आपल्या कामाचं आहे: बोलणं जोड्यांनी चालतं. प्रश्न आला की उत्तर देणं लागतं, नमस्काराला नमस्कार लागतो, आमंत्रणाला होकार किंवा नकार लागतो. जोडीचा पहिला भाग पडला की दुसरा देणं होतो. तो आला नाही तर त्याचं न येणंही ऐकू येतं.

पण दुसऱ्या भागाचे दोन प्रकार सारखे नसतात. कोपऱ्यावर कुणी विचारलं, "चहाला येता का?" तर होकार कसा येतो? "येतो की!" झटकन, दोन शब्दांत. आणि नकार? "अहो, तसं यायचंच होतं, पण काय झालंय, घरी पाहुणे यायचेत, आणि..." आधी जरा थांबणं, मग "अहो", मग "तसं", मग कारण. खरा नकार बहुतेक वेळा उच्चारलाही जात नाही. विचारणाऱ्याला तो "तसं" या शब्दालाच कळलेला असतो. जगातल्या दहा भाषांमधल्या प्रश्नोत्तरांची मोजणी २००९ साली प्रसिद्ध झाली. प्रश्न संपण्यात आणि उत्तर सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकंच अंतर निघालं आणि होकारार्थी उत्तरं नकारांपेक्षा लवकर येत होती. म्हणजे होकाराची बांधणी आखूड आणि तत्पर, नकाराची लांब आणि वळणावळणाची. ही बांधणी आपण शब्दांच्या अर्थाआधी ओळखतो.

आता फोटो. "आज कासला" हा प्रश्न नाही. पण "बघा किती सुंदर" हे त्यात न बोलता आलेलं आहे. अनिता पोमेरांट्झ यांनी १९८४ साली अशा बोलण्याचा, म्हणजे एकाने मत दिल्यावर दुसऱ्याने द्यायच्या मताचा, बारकाईने अभ्यास मांडला. त्यांना दिसलं, की मनापासूनची सहमती सहसा एक पायरी वर चढून येते. "छान आहे" याला "छान काय, झकास आहे!" असं उत्तर आलं की सहमती पक्की. त्याच पायरीवर राहून "हो, छान आहे" म्हटलं तर ती पातळ वाटते, आणि त्यामागून बऱ्याचदा "पण" येतो.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की "लय भारी फुललीय की कारवी!" मध्ये काय साधलंय ते दिसतं. ते लगेच आलं, एक पायरी वर चढलं आणि जोडी पूर्ण झाली. काकूंना आता काही देणं नाही. वाटलं तर हसरा चेहरा टाकतील, नाही तर मोबाईल पिशवीत ठेवून फुलं बघतील.

सरांच्या उत्तरात प्रेम आहे, पण त्याची बांधणी बघा. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याने नवी जोडी उघडली आहे. फोटोग्राफीच्या नजरेचं कौतुक झालं, त्याला काहीतरी म्हणायला हवं. फुलांची माहिती आली, तिला "हो का, माहीत नव्हतं" हवं. धुक्याची आठवण आली, तिला "अरेरे" हवं. पुढे दोन सरळ प्रश्न. आणि शेवटी सहलीचा बेत, तोही चाळीस जणांसमोर, ज्याला हो म्हटलं तर अडकलो आणि गप्प बसलं तर नकार दिसतो. दोन शब्दांच्या फोटोवर सहा देणी.

यातलं कौतुकाचं देणं सगळ्यांत अवघड. पोमेरांट्झ यांनी १९७८च्या लेखात ते उलगडलं आहे. कौतुक झालं की माणसावर दोन बंधनं एकदम येतात: समोरच्याचं म्हणणं खोडायचं नाही, आणि स्वतःची स्तुती करायची नाही. दोन्ही एकाच उत्तरात पाळता येत नाहीत, म्हणून माणूस बाजूला सरकतो. आपल्याकडे "कसचं कसचं" हा शब्द त्यासाठीच घडला असावा इतका चपखल आहे. किंवा काकू लिहितील, "अहो, मोबाईलच चांगला आहे." श्रेय मोबाईलला दिलं, सुटका झाली. "फुलं काय फुललीयत!" याला ही कसरत लागत नाही, कारण तिथे कौतुक फुलांचं आहे आणि त्याला काकूही मोकळेपणाने "ना!" म्हणू शकतात. म्हणून माणसापेक्षा फोटोतल्या वस्तूचं कौतुक करणं हलकं पडतं. (बाळाच्या फोटोवर मात्र "दृष्ट काढा" लिहायची जी चाल आहे, ती सोडलेली बरी. नव्या आईच्या जिवाला त्याने नसता घोर लागतो आणि बाळाला कौतुकाने काहीही होत नाही.)

देण्याला वेळही लागतो. मोबाईलवर टाइप करण्याचा वेग मोजणारी एक मोठी पाहणी २०१९ साली आली. तिच्यात सरासरी मिनिटाला ३६ शब्द निघाले, तेही बहुतांशी इंग्रजीत. सरांच्या सगळ्या मुद्द्यांना नीट उत्तर द्यायला काकूंना साठेक शब्द लागतील, म्हणजे जवळजवळ दोन मिनिटं. आणि काकू त्या वेळी पठारावर एका हातात छत्री धरून उभ्या आहेत.

मग लांबी किती? फोटोबरोबर आलेल्या शब्दांच्या आसपास, फार तर दोन-चार शब्द जास्त, आणि त्यात फोटोतली एक वस्तू नावाने. वस्तूचं नाव महत्त्वाचं. नुसतं "छान" कुठल्याही फोटोखाली चालतं, त्यामुळे फोटो उघडून पाहिल्याचा पुरावा त्यात नसतो. "धुकं काय उतरलंय!" हे फक्त याच फोटोला लागू पडतं. तीन शब्दांत पाहिल्याची पावती मिळते. नुसता अंगठा ही याहूनही खालची पायरी. ओळखीच्या चाळीस जणांत तो पुरतो, जवळच्या माणसाला पुरत नाही. एकशब्दी उत्तराच्या शेवटी पूर्णविराम देणंही टाळावं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की मोबाईलवरच्या एकशब्दी उत्तराच्या शेवटी पूर्णविराम असला तर विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचं वाटतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तसा फरक पडला नाही.

उशीर झाला तर माफी लिहायची नाही. "सॉरी, काल बघायचाच राहिला, घरात गडबड होती" ही नकाराचीच बांधणी झाली, आणि वर काकूंना "असू दे हो" लिहायला लावते. दुसऱ्या दिवशीही "कारवी भारीच!" एवढं सरळ लिहून टाकावं.

इथे व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांमधला एक आवडता आकडा आडवा येतो: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी सूर आणि हावभाव. म्हणून म्हणे ढीगभर इमोजी टाका. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून उचललेला आहे. तिथे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याच्या भावनेचा अंदाज घ्यायला सांगितलं होतं. सगळ्या संवादाला तो लावता येत नाही, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलं आहे. तीन नेमक्या शब्दांचं काम तेरा फुलांची चित्रं करत नाहीत.

काही फोटो मात्र सहज टाकल्यासारखे दिसतात आणि सहज नसतात. पुढच्या महिन्यात याच काकूंनी मुलाच्या निकालाचा फोटो टाकला, तर ती आनंदाची बातमी आहे. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली जोडप्यांचा अभ्यास केला. चांगल्या बातमीला उत्साहाने, रस घेऊन दाद देणाऱ्यांची नाती जास्त समाधानी दिसली. थंडपणे "बरं झालं" म्हणणाऱ्यांची तशी नव्हती. तिथे प्रश्न विचारणं हीच दाद. "कुठल्या विषयात सगळ्यांत जास्त?" याचं उत्तर द्यायला आई आसुसलेली असते, ते देणं तिला ओझं नाही.

काही फोटो म्हणजे प्रश्नच. सांगलीत ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा फोटो आला तर "काय दृश्य!" लिहिणं क्रूर होईल. तिथे ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. पाठवणाऱ्याला पाणी चढतंय का आणि सामान हलवायचं का, हे हवं असतं. हळदीच्या पानावर ठिपके दिसणारा फोटोही तसाच. असा फोटो ओळखायच्या खुणा साध्या आहेत. एकाच वस्तूचे दोन-तीन फोटो लागोपाठ येतात, वस्तू अगदी जवळून घेतलेली असते, बाजूला मापासाठी बोट किंवा पेन धरलेलं असतं, आणि फोटो ग्रुपवर न येता एकट्याला येतो. तिथे लांबी उपयोगाच्या माहितीने ठरते.

सरांकडची माहिती मग वाया जायची का? तिला जागा आहे, फक्त ती काकूंनी उघडायची. सरांनी नुसतं "टोपली कारवी! सात वर्षांनी फुलते ही" एवढंच लिहिलं असतं, तर काकूंवर देणं काही नसतं आणि दार मात्र किलकिलं राहिलं असतं. संध्याकाळी घाट उतरून घरी आल्यावर, चहा पिता पिता त्यांनी विचारलं असतं, "सर, कुडाच्या भिंतीला लावतात तीच का ही कारवी?" आता जोडीचा पहिला भाग काकूंचा, आणि सरांना हवं तेवढं लांब लिहायची मुभा. कुडाला लागते ती उंच कारवी, ही तिची बुटकी बहीण, जेमतेम गुडघाभर. वाऱ्यापावसात पठाराला चिकटून वाढते, आणि फुलं नसतात तेव्हा दुरून बघितलं तर कुणीतरी टोपल्या पालथ्या घालून गेल्यासारख्या दिसतात.