घनतेवरून भागाचे वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि जडत्व परिबल

संगणकावर तयार केलेल्या त्रिमितीय मॉडेलला स्वतःचे वजन नसते, असतो तो फक्त आकार. त्या आकाराला पदार्थाची घनता जोडली की भागाचे वस्तुमान, गुरुत्वमध्य आणि जडत्व परिबल (कारखान्यात सर्रास म्हणतात ते मोमेंट ऑफ इनर्शिया) काढता येते. कॅड प्रणालींमध्ये हे काम ‘मास प्रॉपर्टीज’ या आज्ञेने होते. उत्तर क्षणात येते, पण ते कोणत्या घनतेने, कोणत्या अक्षाभोवती आणि कोणत्या एककात आले हे न पाहता पुढे वापरले तर घोटाळा होतो.

प्रणाली मुळात तीन भौमितिक बेरजा करते. पहिली बेरीज आकारमानाची. दुसरी, आकारमानाच्या प्रत्येक कणाला त्याच्या x, y, z अंतराने गुणून केलेली, आणि तिसरी, अंतरांच्या वर्गांनी व परस्पर गुणाकारांनी गुणून केलेली. भाग एकाच पदार्थाचा असेल तर घनता या बेरजांबाहेर काढता येते. म्हणून वस्तुमान आणि जडत्व परिबल घनतेच्या सरळ प्रमाणात बदलतात, गुरुत्वमध्य मात्र जागचा हलत नाही. पोलाद बदलून अॅल्युमिनियम केल्यावर गुरुत्वमध्यही सरकला, तर त्या मॉडेलमध्ये कुठेतरी दुसऱ्या पदार्थाचा भाग आहे असे खुशाल समजावे.

उदाहरणादाखल 120 × 60 × 10 मिमी मापाची पोलादी पट्टी घेऊ. एक कोपरा मूळबिंदूवर, लांबी x अक्षावर, रुंदी y अक्षावर. तिला 40 मिमी व्यासाचे आरपार भोक आहे आणि भोकाचा मध्य x = 90, y = 30 वर आहे. अखंड पट्टीचे आकारमान 72,000 घन मिमी, भोकाचे 12,566, म्हणून उरले 59,434 घन मिमी. पोलादाची घनता 7850 किग्रॅ प्रति घनमीटर धरली, म्हणजे प्रति घन मिमी 7.85 × 10⁻⁶ किग्रॅ, तर वस्तुमान 0.467 किग्रॅ येते.

गुरुत्वमध्य काढताना भोक हे ऋण वस्तुमान मानतात:

```
x = (72000·60 − 12566·90) / 59434 = 53.66 mm
```

भोक उजवीकडे, म्हणून गुरुत्वमध्य मधल्या 60 वरून डावीकडे सरकला. y = 30 आणि z = 5 सममितीमुळे तसेच राहतात.

जडत्व परिबल z ला समांतर, गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती काढू. अखंड पट्टीचे स्वतःच्या मध्याभोवती 847.8 किग्रॅ·मिमी². तो मध्य नव्या अक्षापासून 6.34 मिमी दूर असल्याने समांतर अक्ष प्रमेयानुसार त्यात 22.7 मिळवायचे. भोकातून गेलेल्या पदार्थाचे स्वतःच्या मध्याभोवती 19.7 आणि 36.34 मिमी अंतरामुळे आणखी 130.3, हे दोन्ही वजा करायचे. उत्तर 720.5 किग्रॅ·मिमी². भोकाचे स्वतःचे परिबल किरकोळ आहे, वजाबाकीत वजन पडते ते त्याच्या अंतराचे.

हीच पट्टी फ्रीकॅडमध्ये काढून निवडली आणि पायथन कन्सोलमध्ये पुढील ओळी दिल्या तर हेच आकडे मिळतात. इथे घनता आपणच गुणायची, कारण `Shape` ला पदार्थ माहीत नसतो.

```python
s = Gui.Selection.getSelection()[0].Shape.Solids[0]
rho = 7.85e-6            # kg/mm^3
print(s.Volume * rho)
print(s.CenterOfMass)
print(s.MatrixOfInertia.A33 * rho)
```

`MatrixOfInertia` गुरुत्वमध्याभोवतीची मूल्ये देते. ऑटोकॅडची `MASSPROP` आज्ञा वेगळी वागते. ती घनता 1 धरते, त्यामुळे वस्तुमान आणि आकारमान यांचा आकडा एकच येतो, आणि जडत्व परिबले चालू निर्देशांक प्रणालीच्या मूळबिंदूतून जाणाऱ्या अक्षांभोवती छापते. गुरुत्वमध्याभोवतीची मुख्य परिबले त्याच यादीत खाली असतात. आपल्या पट्टीचे कोपऱ्याभोवतीचे परिबल घनतेने गुणून 2484 येते, म्हणजे गुरुत्वमध्याभोवतीच्या जवळजवळ साडेतीन पट. दोन्ही आकडे बरोबरच, पण मोटर निवडताना एकाच्या जागी दुसरा घातला तर मोटर भलतीच निवडली जाणार. यंत्रमानवाच्या यूआरडीएफ फाइलीला गुरुत्वमध्याभोवतीचे मूल्य लागते आणि तेही किग्रॅ·मी² मध्ये, म्हणजे 720.5 नव्हे, 0.0007205.

पदार्थ नेमायचा राहून गेला की बऱ्याच प्रणाली पाण्याची घनता धरतात. मग ग्रॅममधले वस्तुमान आणि घन सेंमीमधले आकारमान तंतोतंत जुळतात. आपली पट्टी 59.4 ग्रॅम दाखवू लागली, तर चूक तिथेच आहे.

मॉडेल त्रिकोणी जाळीचे, म्हणजे एसटीएल स्वरूपाचे असेल तर बेरीज वेगळ्या वाटेने होते. प्रत्येक त्रिकोण आणि मूळबिंदू मिळून एक चतुष्फलक बनतो, त्याचे आकारमान चिन्हासह मोजतात आणि सगळ्यांची बेरीज करतात. जाळी बंद असेल तर बाहेरचे जास्तीचे भाग आपोआप कटतात. 1996 मध्ये ब्रायन मिर्टिच यांनी बहुफलकांच्या अशा गणनेची जी रीत मांडली, तीही आकारमानावरची बेरीज पृष्ठभागावर आणण्याच्याच तत्त्वावर आहे. जाळीला कुठे फट असेल तर उत्तर मूळबिंदूच्या जागेवर अवलंबून राहते. म्हणून भाग 500 मिमी बाजूला सरकवून पुन्हा मोजावे. आकारमान बदलले तर जाळी उघडी आहे. उत्तर ऋण आले तर त्रिकोणांच्या दिशा उलट्या आहेत.

जाळी बंद असली तरी गोलाई तुटकच असते. आपले भोक 12 बाजूंचे झाले, कोपरे वर्तुळावर ठेवून, तर त्याचे आकारमान नेमके 12,000 घन मिमी होते आणि पट्टी सुमारे 1 टक्क्याने जड भरते. दंडगोल दांडीच्या बाबतीत हेच उलटे होते, दांडी हलकी भरते. त्यामुळे मूळ घन मॉडेल हाताशी असेल तर जाळीवरून वस्तुमान काढू नये.

एकाच घनतेचा हिशेब जिथे मोडतो ते नेहमीचे ठिकाण म्हणजे त्रिमितीय छपाईचा भाग. त्याची कडा भरीव आणि पोट जाळीदार असते. वजनकाट्यावरचे वजन भागिले आकारमान अशी सरासरी घनता वापरली तर वस्तुमान बरोबर येते, पण बराचसा पदार्थ कडेला असल्याने खरे जडत्व परिबल सहसा हिशेबापेक्षा जास्त असते. नुसते वजन करून हे कळत नाही.

ते तपासायला दुहेरी दोऱ्याचा लोलक वापरतात. गुरुत्वमध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन समांतर उभे दोरे बांधून भाग आडवा टांगायचा आणि उभ्या अक्षाभोवती थोडा फिरवून सोडायचा:

```
I = m·g·d²·T² / (16·π²·L)
```

इथे `d` दोऱ्यांमधले अंतर, `L` दोऱ्याची लांबी, `T` एका आंदोलनाचा काळ. आपल्या पट्टीला x = 53.66 वर, y = 5 आणि y = 55 येथे 1 मीटरचे दोरे लावले तर 10 आंदोलनांना सुमारे 31.5 सेकंद लागायला हवेत. यात घनतेची चूक मात्र पकडता येत नाही, कारण काळ `I/m` वर ठरतो आणि त्यातून घनता कटून जाते. अॅल्युमिनियमची तशीच पट्टीही 31.5 सेकंदच घेईल. म्हणून काटा घनता तपासतो आणि लोलक वस्तुमानाची मांडणी, आणि मॉडेलचा आकडा दोन्हींशी जुळावा लागतो.