पेशीच्या आकृतीतली मोठी मोकळी जागा : पेशीद्रव्य की रिक्तिका?

प्राणीपेशीची आकृती सहसा कोणाची चुकत नाही. बाहेर एक रेषा काढायची, ते प्रद्रव्यपटल. आत एक गोल, ते केंद्रक. या दोघांमधलं सगळं पेशीद्रव्य, आणि त्यात विखुरलेल्या तंतुकणिका, रायबोझोम वगैरे मंडळी. एवढं सगळ्यांना येतं, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

घोळ वनस्पतीपेशीत होतो, आणि दरवर्षी तोच होतो. आकृतीच्या मधोमध मोठी पांढरी जागा दिसते. विद्यार्थी तिला 'पेशीद्रव्य' असं नाव देतो. त्या जागेच्या कडेच्या रेषेला 'प्रद्रव्यपटल' म्हणतो आणि बाहेरच्या जाड पट्ट्याला 'पेशीभित्तिका'. यातलं शेवटचं तेवढं बरोबर असतं. मधली जागा रिक्तिका आहे आणि तिच्या कडेची रेषा हे रिक्तिकेचं स्वतःचं पटल आहे. प्रद्रव्यपटल राहिलं बाजूला, पेशीद्रव्यही राहिलं. एका चुकीपायी तीन नावं हुकली. कारण सरळ आहे : प्राणीपेशीत मोकळं दिसतं ते पेशीद्रव्य, म्हणून इथेही तेच असणार असं डोळा गृहीत धरतो.

छापील आकृती समोर घ्या आणि पेन्सिलीचं टोक बाहेरून आत सरकवत न्या. आधी प्राणीपेशी : एक रेषा ओलांडली की टोक थेट पेशीद्रव्यात. आता वनस्पतीपेशी. सुरुवातीला एक जाड पट्टा लागतो, ती पेशीभित्तिका. पट्ट्याला जाडी असल्यामुळे तो दोन समांतर रेषांनी काढतात. त्याला आतून अगदी चिकटून एक बारीक रेषा असते, ते प्रद्रव्यपटल. ती ओलांडली की एक अरुंद पट्टी लागते. हे पेशीद्रव्य. हरितलवके, तंतुकणिका आणि केंद्रक या पट्टीतच दाटीवाटीने बसलेले असतात. पट्टी संपते तिथे आणखी एक रेषा, हे रिक्तिकापटल. त्याच्या आत पाण्यात क्षार, शर्करा आणि कधी रंगद्रव्यं विरघळलेला रस. ही झाली रिक्तिका. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीत ती पेशीचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग व्यापू शकते. म्हणजे पेशीद्रव्य कडेला ढकललेलं असणं हा चित्रकाराचा लहरीपणा नाही, पेशी खरोखर तशीच असते.

नाव द्यायचं अडलं तर हा ताळा वापरा : केंद्रक कुठे आहे ते बघा. केंद्रक नेहमी पेशीद्रव्यात असतं, रिक्तिकेच्या रसात कधीच तरंगत नाही. तुम्ही ज्या जागेला पेशीद्रव्य म्हणताय तिच्यात केंद्रक नसेल आणि ते कडेच्या पट्टीत असेल, तर ती जागा रिक्तिका आहे. आकृती स्वतः काढतानाही हेच लक्षात ठेवायचं. मोठी रिक्तिका काढून तिच्या मध्यावर केंद्रक ठेवलेल्या आकृत्या तक्त्यांवरसुद्धा दिसतात. अशी पेशी अस्तित्वात नाही. काही पेशींत केंद्रक मध्यभागी असतं हे खरं, पण तेव्हा पेशीद्रव्याच्या बारीक तंतूंनी ते कडेशी जोडलेलं असतं आणि ते तंतू दाखवावे लागतात.

इथे प्रयोगशाळेतून एक रास्त शंका येते. कांद्याच्या पाकळीवरचा पापुद्रा आयोडीन घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काही पेशींत केंद्रक मधोमधच दिसतं. मग कडेला कसं? पेशी सपाट चौकोन नसून पेटीसारखी असते. केंद्रक पेटीच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला चिकटलेलं असेल, तर वरून पाहणाऱ्याला ते मध्यावरच दिसणार. सूक्ष्म समायोजनाचा स्क्रू हळू फिरवा. एका ठिकाणी केंद्रक स्पष्ट होईल आणि बाजूच्या भित्तिका धूसर होतील, पुढे फिरवलं की उलट. दोन्ही एकाच पातळीवर नाहीत हे तेवढ्यात कळतं.

त्याच स्लाइडवर प्रद्रव्यपटल शोधत बसू नका. त्याची जाडी सात ते आठ नॅनोमीटर, आणि आपला प्रकाश सूक्ष्मदर्शक साधारण दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवू शकत नाही. ते भित्तिकेला चिकटलेलं असताना दिसणं शक्यच नाही. कांद्याच्या पेशीभोवती जी ठळक रेषा दिसते ती भित्तिका. रॉबर्ट हूकने 1665 साली बुचाच्या कापात पाहिल्या त्याही मेलेल्या पेशींच्या भित्तिकाच होत्या, आत काही उरलेलं नव्हतं. म्हणून निरीक्षणाच्या आकृतीत 'प्रद्रव्यपटल' असा निर्देश करू नये, हे माझं ठाम मत. जे दिसलं नाही ते पाठ्यपुस्तकातून उचलून निरीक्षणाच्या वहीत चिकटवणं मला मुळीच मान्य नाही. कांद्याच्या त्याच आकृतीत हिरवी लवके काढणारेही असतात. जमिनीखालच्या कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक नसतं.

भित्तिका आणि पटल दोन निराळ्या गोष्टी आहेत हे डोळ्यांनी बघायचं असेल तर रिओचं पान घ्या. बागेत लावतात ते, वरून हिरवं आणि खालून जांभळं. खालच्या जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा काढून आधी साध्या पाण्यात बघा. रंग पेशीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत भरलेला दिसेल. तो रंग रिक्तिकेच्या रसात असतो. आता शंभर मिलीलिटर पाण्यात पाच ग्रॅम मीठ विरघळवा. आच्छादक काचेच्या एका कडेला या द्रावणाचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टीपकागद लावून तो खालून ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो आणि आक्रसून गोलसर होतो. भित्तिका मात्र जागच्या जागी चौकटीसारखी उभी राहते. टायरच्या आत ट्यूबमधली हवा कमी व्हावी तसं हे आहे : टायरचा आकार टिकतो, आतली ट्यूब सुटते.

सुटलेल्या जांभळ्या भागाची बाहेरची कड म्हणजे प्रद्रव्यपटल, त्याला आतून चिकटलेला पेशीद्रव्याचा पातळ थर आणि रिक्तिकापटल, तिन्ही जवळजवळ एकत्र. मग भित्तिका आणि आक्रसलेला भाग यांच्यामधल्या रंगहीन जागेत काय आहे? 'हवा' आणि 'पोकळी' ही दोन ठरलेली उत्तरं, दोन्ही चूक. तिथे मिठाचं द्रावण आहे. भित्तिका मीठ आणि पाणी दोन्हींना आत येऊ देते. अडवाअडवी करतं ते प्रद्रव्यपटल, पाणी सोडतं आणि मीठ रोखून धरतं. म्हणून पाणी बाहेर गेलं आणि आतला भाग आक्रसला. दोघांचं काम किती वेगळं आहे ते इथे एका नजरेत दिसतं.

त्याच रीतीने पुन्हा साधं पाणी ओढून घेतलं तर रंग परत कोपऱ्यांपर्यंत पसरतो. पसरला नाही तर द्रावण फार तीव्र झालं किंवा पापुद्रा त्यात फार वेळ राहिला, पेशी मेल्या. पान आधी उकळून हा प्रयोग करून पाहा. पटलच निकामी झाल्यामुळे आक्रसणं होणार नाही, रंगही बाहेर झिरपलेला दिसेल. पण भित्तिकेची चौकट तेव्हाही शाबूत असते.

दुसरा घोळ याचाच चुलतभाऊ. तुलनेच्या तक्त्यात लोक लिहितात : प्राणीपेशीत प्रद्रव्यपटल, वनस्पतीपेशीत पेशीभित्तिका, प्राणीपेशीत तंतुकणिका, वनस्पतीपेशीत हरितलवक. डावं-उजवं जुळवण्याच्या हौसेने केलेला हा तक्ता धडधडीत चूक आहे. वनस्पतीपेशीत पटलही असतं आणि तंतुकणिकाही असतात. भित्तिका आणि हरितलवक त्यांच्या जोडीला येतात, जागा घेत नाहीत. हरितलवक प्रकाशात अन्न बनवतं, ते अन्न मोडून ऊर्जा काढायला तंतुकणिका लागतातच, रात्री आणि अंधारातल्या मुळांतही. आकृतीत दोन्ही लंबगोल आणि दुहेरी कडेचे असल्यामुळे नावांची अदलाबदल होते. आत नागमोडी घड्या असतील तर तंतुकणिका, चकत्यांच्या चळती असतील तर हरितलवक. हरितलवक आकारानेही सहसा मोठं काढलेलं असतं. हिरवा रंग फक्त त्यालाच द्यायचा. अख्खी पेशी हिरवी रंगवलेली बघितली की माझं डोकं दुखतं.

बाकीचं थोडक्यात. तारककाय, म्हणजे सेंट्रिओलची जोडी, प्राणीपेशीत दाखवतात, आपल्या ओळखीच्या फुलझाडांच्या पेशीत नाही. 'वनस्पतींत कधीच नाही' असं मात्र लिहू नका. शेवाळी आणि नेच्यांच्या पोहणाऱ्या पुंयुग्मकांत ते असतं. रिक्तिका प्राणीपेशीतही असतात, लहान आणि तात्पुरत्या. उलट वनस्पतीच्या मुळाच्या टोकाशी विभाजन चालू असलेल्या कोवळ्या पेशींत मोठी रिक्तिका तयार झालेली नसते आणि केंद्रक मध्यावर असतं. तिथे वर सांगितलेलं चित्र शोधू नये. लयकारिकांचं म्हणाल तर शालेय आकृतीत त्या प्राणीपेशीत दाखवा. वनस्पतीपेशीत ते विघटनाचं काम बऱ्याच अंशी रिक्तिका करते. आकारावरून, म्हणजे चौकोनी ती वनस्पती आणि गोल ती प्राणी, ओळखणं सोडून द्या. फक्त आकारावर दिलेलं उत्तर मी अर्धंच धरतो.

काढताना भित्तिकेच्या दोन रेषांमध्ये दोनेक मिलीमीटर अंतर ठेवा, प्रद्रव्यपटलाची रेषा त्याच्या आत अर्ध्या मिलीमीटरवर, आणि रिक्तिकापटल तिथून किमान सात-आठ मिलीमीटर आत. तेवढी जागा नसेल तर केंद्रक पट्टीत मावत नाही आणि मग ते रिक्तिकेत ढकललं जातं. चुकीच्या आकृत्यांची सुरुवात बऱ्याचदा इथेच होते. प्राणीपेशीचं पटल एकाच रेषेत काढा. तिथे जाड दुहेरी कड काढली तर ती भित्तिका वाचली जाते. केंद्रकाला मात्र दोन्ही पेशींत दुहेरी कड हवी. निर्देश रेषा पट्टीने आखा, बाण नको, आणि रेषेचं टोक त्या भागाला टेकलंच पाहिजे. पटलाची निर्देश रेषा भित्तिकेच्या पट्ट्यात थांबली, तर शेजारी 'प्रद्रव्यपटल' कितीही सुवाच्य लिहिलेलं असो, तिने भित्तिकाच दाखवली असं धरलं जातं.